लातूरमध्ये मुलींचं ३० खाटांचं वसतिगृह: वर्षाचा हिशेब कसा मांडावा

प्रश्न: लातूरला ट्यूशन एरियाच्या जवळ आमची स्वतःची दुमजली इमारत आहे, दहा खोल्या. अकरावी-बारावी आणि नीट रिपीटर मुलींसाठी जेवणासह वसतिगृह सुरू करायचं आहे. ३० मुली, महिना ७,५०० रुपये, म्हणजे वर्षाला २७ लाख. खर्च जाऊन सातेक लाख उरावेत असं वाटतं. डिपॉझिट किती घ्यावं? मेस स्वतः चालवावी की डबे लावावेत? उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या राहतात त्याचं काय करावं?

उत्तर:

तुमच्या हिशेबात एकच मोठी चूक आहे, ती म्हणजे १२ ने केलेला गुणाकार. लातूरचं वसतिगृह बारा महिने भरलेलं नसतं. ते क्लासच्या आणि परीक्षेच्या तारखांवर भरतं आणि त्याच तारखांवर रिकामं होतं. डिपॉझिट, मेस, डागडुजी हे सगळे प्रश्न या कॅलेंडरमधूनच निघतात, म्हणून आधी ते पाहू.

दहावीचा निकाल लागून अकरावीचे प्रवेश होईपर्यंत जून संपत येतो. नीटचा निकालही साधारण जूनमध्येच लागतो आणि त्यानंतरच रिपीटर मुली ठरवतात, परत बसायचं की मिळेल ते घ्यायचं. त्यामुळे जूनमध्ये फार तर बारावीत गेलेल्या जुन्या मुली असतात. पहिल्या वर्षी तर त्याही नसतात. जुलैत गर्दी होते, ऑगस्टअखेर वसतिगृह भरतं. दिवाळीला घरी गेलेल्या दोन-तीन मुली परत येत नाहीत. कुणाचं मन लागलेलं नसतं, कुणाच्या घरी पैशांची ओढाताण असते. फेब्रुवारीत बारावीची बोर्ड परीक्षा सुरू होते. प्रवेश गावाकडच्या कॉलेजात आणि क्लास लातुरात अशा मुली त्या काळात घरी राहून परीक्षा देतात. नीट साधारण मेच्या पहिल्या रविवारी होते आणि दुसऱ्या दिवशी गेटसमोर पालकांच्या गाड्या लागतात.

हे आकड्यात मांडू. पहिल्या वर्षाचा अंदाज म्हणून जून १०, जुलै २२, ऑगस्ट २७, सप्टेंबर-ऑक्टोबर २८, नोव्हेंबर ते जानेवारी २६, फेब्रुवारी २५, मार्च २४, एप्रिल २० आणि मे ४ मुली धरा. एक मुलगी एक महिना राहिली की तिला एक ‘खाट-महिना’ म्हणू. बेरीज २६६ खाट-महिने होते, पूर्ण क्षमता आहे ३६०. म्हणजे वर्षभरात ७४ टक्के खाटा भरलेल्या. हा आकडा वाईट नाही, उलट बरा म्हणावा असाच आहे. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत वसतिगृह जवळजवळ भरलेलं असलं तरी वर्षाचा आकडा इतकाच येतो.

महिना ७,५०० ने २६६ खाट-महिन्यांचे १९ लाख ९५ हजार होतात. आता खर्च. शिधा आणि गॅस मिळून मुलीमागे महिना २,६०० रुपये धरले तर ६ लाख ९२ हजार. रेक्टर, रात्रीचा वॉचमन, सफाईवाली, स्वयंपाकीण आणि मदतनीस यांचे पगार महिना ५५ हजार, वर्षाला ६ लाख ६० हजार. वीज १ लाख ३२ हजार. टँकर, इंटरनेट, घरपट्टी आणि साफसफाईचं सामान मिळून १ लाख ३३ हजार. डागडुजीसाठी १ लाख २० हजार. एकूण १७ लाख ३७ हजार. उरले साधारण २ लाख ५८ हजार. तुमच्या सात लाखांचं हे असं होतं, आणि यात बँकेचा हप्ता धरलेला नाही. हे दर माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमच्या भागातले टाका. निष्कर्ष फारसा बदलणार नाही, कारण पगार आणि घरपट्टी रिकाम्या महिन्यातही द्यावी लागते.

म्हणून फी महिन्याची ठेवू नका, सत्राची ठेवा. १ जुलै ते ३० एप्रिल असं दहा महिन्यांचं सत्र आणि त्याचे जेवणासह ८०,००० रुपये. बारावी आणि रिपीटर मुलींचं सत्र नीटच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. जूनमध्ये लवकर येणाऱ्या मुलीला दिवसाच्या दराने ठेवा. पालकाला महिन्याला ८,००० हे ७,५०० पेक्षा फार वेगळं वाटत नाही, आणि मे-जूनचे पैसे द्यायचे नाहीत हे ऐकून बरंही वाटतं. तुमच्यासाठी फरक असा की मुलगी मार्चमध्ये सामान घेऊन गेली तरी एप्रिलची खाट विकलेली असते.

हप्ते कधी घ्यायचे हे इथल्या शेताकडे पाहून ठरवा. तुमच्याकडे येणाऱ्या मुलींमध्ये लातूर, नांदेड, बीड, धाराशिव, परभणी या जिल्ह्यांतल्या शेतकरी आणि नोकरदार घरांतल्या मुली असणार. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या आसपास हातात येतो, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागत बसलात तर सप्टेंबरपर्यंत निम्म्या पालकांकडे थकबाकी दिसेल आणि रेक्टरचा वेळ फोन करण्यात जाईल. त्यापेक्षा प्रवेशाच्या वेळी ४०,०००, २० नोव्हेंबरपर्यंत २५,००० आणि २० जानेवारीपर्यंत १५,००० घ्या. पहिला हप्ता नोव्हेंबरअखेरपर्यंतचा खर्च भागवतो, म्हणून दिवाळीनंतर न परतणारी मुलगी तुम्हाला खड्ड्यात घालत नाही. आणि बोर्ड परीक्षेच्या आधी सगळी फी जमा झालेली असते. परीक्षेच्या तोंडावर मुलीकडे फी मागणं वाईट दिसतं आणि ते पैसे येतही नाहीत.

मध्येच सोडून गेल्यास काय, हे प्रवेश अर्जावर साध्या मराठीत छापा आणि त्यावर पालकांची सही घ्या. मुली बहुतेक अल्पवयीन असतात, त्यांच्या एकटीच्या सहीला अर्थ नाही. चालेल असा नियम असा: पहिला हप्ता परत नाही; पुढचा हप्ता भरलेला असेल आणि ती खाट दुसऱ्या मुलीने घेतली, तर ती आल्या दिवसापासूनचे पैसे परत. आजारपणात मन मोठं ठेवा. मालक पैसे अडवतो अशी बातमी एका गावातून पुढच्या वर्षीच्या चार मुली घालवते.

रिपीटर मुलींचं वेगळं आहे. त्या जुलैत येतात, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या पुढे कित्येक आठवडे चालू असतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत सीट लागली की मुलगी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अचानक निघते. आयुर्वेद-होमिओपॅथीच्या फेऱ्या तर आणखी लांबतात. पेढे घेऊन येणाऱ्या पालकाशी फीवरून वाद घालणं कुणालाच जमत नाही, म्हणून त्यांच्यापुरता नियम आधीच वेगळा लिहा: प्रवेशपत्र दाखवलं की राहिलेल्या महिन्यांतला एक महिना कापून उरलेले परत. आणि पहिल्या वर्षी ३० पैकी आठ-नऊहून जास्त खाटा रिपीटरना देऊ नका. सगळ्यात सुरक्षित मुलगी अकरावीची. ती चांगली रुळली तर दोन वर्षं राहते.

खाटांच्या संख्येबद्दल एक गोष्ट तपासा. तुमची खोली १० बाय १२ फुटांची असेल तर तीन पलंग, तीन टेबल-खुर्च्या आणि तीन कपाटं कशीबशी बसतात. चौथी खाट घालण्याचा मोह टाळा, कारण इथे मुलगी झोपायला नव्हे तर अभ्यासाला येते आणि टेबल नसलेली खाट दिवाळीपर्यंतच टिकते. खरी मर्यादा मात्र बाथरूमची असते. सकाळी सातला निघायचं असेल तर सगळ्यांना साडेपाच ते पावणेसात याच वेळात आंघोळ हवी. एका मुलीला १२ मिनिटं धरली तर त्या सव्वा तासात एका बाथरूममध्ये सहा मुली उरकतात. ३० मुलींना पाच बाथरूम आणि तितकेच संडास हवेत. चारच असतील तर खाटा २४ धरा आणि हिशेब परत मांडा.

आता डिपॉझिट. ७,५०० ते ८,००० पुरे, साधारण एका महिन्याइतकं. ते जास्त घेऊन फायदा नाही, पालक शेजारच्या वसतिगृहात जातात. महत्त्वाचं हे की ते तुमचं उत्पन्न नाही. ३० मुलींचे सव्वादोन लाख जुलैत एकदम हातात येतात आणि तेव्हाच गाद्या, भांडी, इन्व्हर्टर यांचा खर्च समोर असतो. बहुतेक नवे मालक ते पैसे तिथे वापरतात. मग एप्रिल-मेमध्ये, फी यायची थांबलेली आणि रंगकाम समोर असताना, सगळ्या पालकांना पैसे परत करायची वेळ येते. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ सुरू होतं आणि नाव जातं. डिपॉझिटसाठी वेगळं खातं काढा, शक्य तर मेमध्ये मुदत संपणारी ठेव करा. सुरुवातीचं सामान स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशातून घ्या.

‘शेवटच्या महिन्याचे डिपॉझिटमधून कापा’ ही सवलत एकदाही देऊ नका. एकीला दिली की मार्चमध्ये सगळ्याच मागतात, आणि नंतर फुटलेली खुर्ची कुणाकडून वसूल करणार? कपातीचे दर अर्जाच्या मागे छापा: किल्ली हरवली तर किती, गादी खराब केली तर किती, कपाटाचं दार मोडलं तर किती. प्रवेशाच्या दिवशी खोलीचे, पलंगाचे, भिंतींचे फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा, की भांडणाचं मूळच राहत नाही. भिंतीचा रंग उडाला, ट्यूब गेली हे वापराचं झिजणं आहे, त्याचे पैसे कापू नका. उरलेली रक्कम १५ दिवसांत पालकांच्या खात्यावर पाठवा, मुलीच्या हातात रोख नको.

मेसचा निर्णय आकड्यांनीच घ्या. स्वतःचं स्वयंपाकघर म्हणजे स्वयंपाकीण आणि मदतनिसाचे महिना २३,००० ठरलेले, शिवाय मुलीमागे २,६००. नाश्त्यासह दोन वेळचा डबा बाहेरून घेतला तर, समजा, ३,४०० ला पडतो. फरक ८०० चा. २३,००० ला ८०० ने भागलं की २९ येतात. म्हणजे २९ मुली जेवणाऱ्या असतील तेव्हा दोन्ही खर्च सारखे. २६ मुली असताना स्वयंपाकघर महिन्याला दोनेक हजारांनी महाग पडतं, ते सोसण्यासारखं आहे, कारण पालक खोली बघून जातात पण निर्णय जेवणावर करतात आणि बाहेरच्या डब्यातली डाळ थंडीपर्यंत पातळ होते. पण १०-१२ मुली असताना चूल पेटवली तर महिन्याला तेरा ते पंधरा हजार जळतात. म्हणून जूनमध्ये डबे, १ जुलैपासून स्वयंपाकघर, आणि एप्रिल संपला की परत बंद. स्वयंपाकिणीला आणि मदतनिसाला मे-जूनचा अर्धा पगार देऊन ठेवा. २३,००० रुपये वाचतात, आणि बाईही टिकते. जुलैत नवी बाई शोधायची म्हणजे अख्ख्या ट्यूशन एरियाशी स्पर्धा.

शिधा कुठे गळतो हे पिठावरून कळतं. मुलीमागे दिवसाला पाव किलो पीठ पुरतं, २७ मुलींना पावणेसात किलो. किलोभर पिठाच्या तीसेक पोळ्या होतात, म्हणजे दोनशे पोळ्या. पीठ रोज नऊ किलो जायला लागलं तर तीनच कारणं असू शकतात: पोळ्या जाड होतात, उरून फेकल्या जातात, किंवा बाहेर जातात. रात्री उरलेल्या अन्नाची बादली आठवडाभर वजन करून पाहा, कोणतं कारण ते कळेल. डाळीला दिवसाला दोन किलो आणि तेलाला महिन्याला १५ किलोचे दोन डबे हे माप धरा. गॅस व्यावसायिक १९ किलोचाच घ्या. घरगुती सिलिंडर मेसला वापरणं बेकायदा आहे. मेससाठी एफएसएसएआयची नोंदणीही करून घ्या.

घरी जाणाऱ्या मुलीने आदल्या रात्री दहापर्यंत वहीत लिहावं असा नियम ठेवा, नाहीतर दर शनिवारी आठ जणींचं अन्न वाया जातं. खाडा फक्त सलग पाच दिवसांच्या वरच द्या आणि दिवसाला ५० रुपयांच्या पुढे नको. शिध्याचे वाचतात ७५, पण बाईचा पगार चालूच असतो.

पाण्याकडे लातुरात विशेष लक्ष लागतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे, आणि मांजरा धरण भरलेलं असलं तरी नळ रोज येईल असं समजून चालू नका. मुलीमागे १०० लिटर आणि स्वयंपाकघराला ५०० धरले तर दिवसाला साडेतीन हजार लिटर लागतात. खालची टाकी निदान दहा-बारा हजारांची हवी, म्हणजे तीन दिवसांची सोय. फेब्रुवारीनंतर बोअरचं पाणी कमी होतं. निम्मं पाणी टँकरचं धरून फेब्रुवारी ते एप्रिलचे पैसे आधीच बाजूला ठेवा, आणि टँकरवाल्याशी जानेवारीतच दर ठरवा.

विजेत गिझर खातो. पाच बाथरूमना पाच इलेक्ट्रिक गिझर लावले तर हिवाळ्यात नुसते तेच दिवसाला ३० युनिट ओढतात, आणि घरगुती दरात जितका वापर जास्त तितका पुढच्या युनिटचा दर चढा. वर धरलेला वीजखर्च छतावर ५०० लिटरचा सोलर बसवलेला आहे असं समजून आहे. तो नसेल तर हिवाळ्याचं बिल दुप्पट होऊ शकतं. शिवाय मजल्यागणिक मीटर वेगळे मिळत असतील तर घ्या, एकाच मीटरवर सगळं आलं की सगळं वरच्या स्लॅबमध्ये जातं. बोअरचं पाणी जड असेल तर सोलरच्या नळ्यांत आणि आरओमध्ये क्षार साचतात. पाणी कोमट येऊ लागलं की सोलर बिघडला असं नाही, बहुतेक वेळा तो डीस्केल करायचा राहिलेला असतो.

डागडुजीचे दिवस म्हणजे नीटच्या दुसऱ्या दिवसापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. आधी ढेकणांची फवारणी. एका फवारणीने भागत नाही, कारण अंडी वाचतात. साधारण १५ दिवसांनी दुसरी हवी, आणि दोन्ही वेळा खोल्या रिकाम्या लागतात. वर्षात हे फक्त मेमध्येच शक्य आहे. गाद्या त्याच वेळी गच्चीवर उन्हात टाका. मग नळ-ड्रेनेज, मग वायरिंग, शेवटी रंग. रंग आधी केला तर प्लंबर भिंत फोडतो. बाथरूमच्या जाळ्या केसांनी तुंबतात म्हणून काढता येणाऱ्या जाळ्या बसवा, आणि सॅनिटरी पॅडसाठी प्रत्येक संडासात झाकणाचा डबा ठेवा, नाहीतर ऑगस्टमध्ये चेंबर भरून वर येतो.

रिकाम्या महिन्यांचं उत्तर नवं गिऱ्हाईक शोधण्यात कमी आणि जुनं धरून ठेवण्यात जास्त आहे. अकरावी संपवून घरी निघालेल्या मुलीला मे-जूनसाठी महिना १,५०० रुपयांत, जेवणाशिवाय, तिची खाट राखून द्या. सामान कुलूपबंद कपाटात राहील, आणि फवारणीसाठी खोली उघडायची परवानगी आधीच लिहून घ्या. दहा मुलींनी जरी हे घेतलं तरी ३० हजार येतात, आणि जुलैत दहा खाटा शोधाव्या लागत नाहीत. तो फायदा पैशांहून मोठा आहे.

या पद्धतीने दुसऱ्या वर्षाचा हिशेब असा दिसतो: पूर्ण सत्र भरणाऱ्या २७ मुलींचे २१ लाख ६० हजार, त्यातून परतावा ६० हजार वजा, खाट-राखणीचे ३० हजार जमा. एकूण २१ लाख ३० हजार. जेवणाचे २७० खाट-महिने, पगारात वाचलेले २३ हजार आणि बाकी खर्च तेच धरले तर १७ लाख २४ हजार जातात. उरतात ४ लाख ६ हजार. इमारत तीच, मुलीही जवळपास तितक्याच.

राहिला बोर्ड परीक्षा संपल्यापासून नीटपर्यंतच्या क्रॅश कोर्सचा मोह. मार्चच्या मध्यापासून सहा-सात आठवड्यांसाठी बाहेरच्या मुली जागा मागतात आणि दरही चांगला देतात. पण जीएसटीतली सूट जुलै २०२४ पासून अशी आहे की माणशी महिना २०,००० पर्यंतचं निवासाचं भाडं करमुक्त, आणि मुक्काम सलग निदान ९० दिवसांचा हवा. ४५ दिवस राहणारी मुलगी या सवलतीत बसत नाही. एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर प्रश्न येत नाही, पण वरच्या हिशेबात ती २१ लाखांच्या पुढे गेली आहे आणि उलाढाल मोजताना करमुक्त रक्कमही धरतात. चार-पाच मुलींच्या फीसाठी नोंदणी, रिटर्न आणि सीएची फी मागे लागू शकते. त्यामुळे रिकाम्या खाटांवर क्रॅश कोर्सच्या मुली घ्यायच्या की नाहीत हे फेब्रुवारीतच सीएसमोर वही ठेवून ठरवा.